हायल्युरॉनिक सीरमने गाल जास्तच ताणतात, मग बाटलीवरच्या ‘मॉलिक्युलर वेट’ला अर्थ काय?

कोरडी_पानं
तीन आठवडे झाले, २% लिहिलेलं हायल्युरॉनिक सीरम रोज दोनदा लावतेय. लावल्यावर दहा मिनिटं बोट चिकटतं आणि तासाभरात गाल इतके ताणतात की हसताना जाणवतं. बाटलीवर ‘तीन मॉलिक्युलर वेट, खोल थरापर्यंत ओलावा’ असं छापलंय. दिवसभर एसीत बसते. माझं लावायचं चुकतंय की सीरमच फसवं आहे?

सडेतोड
फसवं आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धडधाकट त्वचेतून आत जात नाही, हा त्वचाशास्त्रातला जुना नियम. हायल्युरॉनिकचा नेहमीचा रेणू दहा-पंधरा लाख डाल्टनचा असतो. तो वरच बसतो, वाळतो आणि चिकटतो. त्यात तुमची हवा कोरडी, म्हणजे तो खालच्या थरातलं पाणी वर ओढणार आणि ते एसी पिऊन टाकणार. ग्लिसरीन असलेलं साधं क्रीम लावा, विषय संपला.

घरचा_वैद्य
नावातच अ‍ॅसिड आहे ताई. अ‍ॅसिड रोज दोनदा लावल्यावर त्वचा सोलणारच. आठवड्यातून दोन वेळा पुरे.

रातराणी
@घरचा_वैद्य, हे त्या जातीचं अ‍ॅसिड नाही हो. ग्लायकोलिक सोलतं, हे सोलत नाही. बाटलीत बहुतेक वेळा त्याचं मीठच असतं, सोडियम हायल्युरोनेट. पण मलाही याने झोंबलं, म्हणून धागा उघडला. मी रात्री रेटिनॉल लावते आणि सकाळी हे सीरम. लावताक्षणी नाकाच्या बाजूला लाल होतं. कुठेतरी वाचलं की लहान रेणूवालं हायल्युरॉनिक सूज आणतं. खरं आहे का?

तोळामासा
सीरमं आणि क्रीमं बनवायच्या कामात मी अकरा वर्षं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी त्या २% चं बघू. मोठ्या रेणूची एक ग्रॅम पूड ९९ ग्रॅम पाण्यात टाकली की आधी गुठळ्या होतात. रात्रभर तशीच ठेवली की सकाळी घट्ट, पारदर्शक लगदा तयार झालेला असतो. चमचा उचलला की तार धरते. हे झालं १%. त्याच पुडीचे दोन ग्रॅम घातले तर ते ड्रॉपरमध्ये चढतसुद्धा नाही. तेव्हा तुमचं सीरम पाण्यासारखं घळाघळा पडत असेल, तर त्यात २% मोठा रेणू नक्की नाही. एक तर रेणू फार लहान आहेत, नाहीतर १% चं तयार द्रावण २% घातलंय. ३० मिलिलिटरच्या बाटलीत खरे २% म्हणजे ६०० मिलिग्रॅम पूड. द्रावणाचे २% म्हणजे ६ मिलिग्रॅम. लेबलवर आकडा तोच, आत शंभरपटीचा फरक. उलट बाजूने मात्र पारख होत नाही. सीरम दाट आहे म्हणजे हायल्युरॉनिक भरपूर आहे असं धरू नका, झँथन गमनेही तसाच दाटपणा येतो.

आता चिकटपणा. बोटावर घेता तेव्हा ते जवळपास सगळं पाणीच असतं. पाणी उडत जातं तसे उरलेले लांब धागे जवळ येतात आणि मधल्या काही मिनिटांत चेहऱ्यावर गोंदासारखी अवस्था येते. सोबतचं ग्लिसरीन उडत नाही, ते राहतंच. सुकलं नाही म्हणून वर दुसरा थर दिलात की चिकटपणा वाढतो आणि पुढे सनस्क्रीन चोळताना त्याच्या मळासारख्या वळ्या निघतात.

ताण कुठून येतो ते आरशावर बघता येईल. दोन थेंब काचेवर पसरा आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवा. कडेला नख लावलंत तर बहुतेक पातळ पापुद्रा लागेल. हाच पापुद्रा गालावर सुकताना आक्रसतो आणि त्वचेला खेचतो. तुम्ही ज्याला कोरडेपणा म्हणताय त्यातला बराचसा हा ओढा असावा.

@रातराणी, शरीरात हायल्युरॉनिकचे तुकडे पडले की पेशी ते इजेची खूण म्हणून वाचतात, इतकं खरं आहे. पण चेहऱ्यावर वरून लावलेल्या लहान रेणूंनी तसंच होतं का, यावर एकमत नाही. तुमच्या बाबतीत मला आधी रेटिनॉलचा संशय येतो. त्याने वरचा थर हुळहुळा झाला असेल तर सीरममधलं काहीही झोंबेल, प्रिझर्व्हेटिवसुद्धा. दोन आठवडे दोन्ही बंद ठेवा, फक्त बिनवासाचं क्रीम लावा. लाली तरीही राहिली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सडेतोड
म्हणजे वरच बसतं आणि सुकल्यावर खेचतं. मी वेगळं काय म्हणालो? आणि खालून पाणी ओढण्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

तोळामासा
काढते. गुळगुळीत, न चिकटणाऱ्या सीरममध्ये सहसा ०.१% च्या आसपास हायल्युरॉनिक असतं. चेहऱ्याला ०.३ मिलिलिटर लावलंत, तर त्यात ते किती? ०.३ मिलिग्रॅम. जाहिरातीतलं ‘हजारपट पाणी’ अक्षरशः खरं मानलं तरी ते ०.३ ग्रॅम पाणी धरेल, म्हणजे ज्या पाण्यातून ते आलं तेवढंच. शिवाय त्या हजारपटीचा अर्थ इतकाच की रेणू पाण्यात पसरून खूप जागा व्यापतो. ते पाणी काही बांधलेलं नसतं, उघड्यावर ते उडतंच. सुकल्यावर उरलेला मिलिग्रॅमचा अंश खालून घागरी उपसेल हे मला पटत नाही. ग्लिसरीनसारखी पाणी धरणारी द्रव्यं भरपूर लावून वर काहीच झाकलं नाही, तर कोरड्या हवेत नुकसान होऊ शकतं. तेवढं तुमचं मान्य.

आणि वरच बसण्यात वाईट काय आहे? सर्वात वरचा मृत पेशींचा थर ओलसर राहिला की तो लवचिक राहतो आणि बारीक रेघा कमी दिसतात. ते काम वर बसूनच होतं.

सडेतोड
मग ‘खोल थरापर्यंत’ कशाला छापायचं?

तोळामासा
ते छापू नये, याबाबत मी तुमच्या बाजूने आहे. फक्त तुमचा ५०० चा नियम इथे जशाच्या तसा बसत नाही. तो मुख्यतः अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्यं आणि वरून लावायची औषधं यांच्या अनुभवातून निघालाय. २०१६ साली त्वचेच्या नमुन्यांवर रामन पद्धतीने पाहिलं तेव्हा २० ते ३०० किलोडाल्टनचे रेणू सर्वात वरच्या थरात शिरलेले दिसले, १००० च्या वरचे नाही दिसले. पण वरचा थर म्हणजे केसाहूनही पातळ. तिथे शिरणं आणि सुरकुती जिथे तयार होते तिथवर पोचणं, यात फार अंतर आहे. ‘खोल’ हा शब्द ग्राहक दुसऱ्या अर्थाने वाचतो आणि कंपन्यांना ते ठाऊक असतं.

रेणुभाराने काहीच फरक पडत नाही असंही नाही. २०११ चा एक प्रयोग आहे. ७६ बायकांना डोळ्यांभोवती ५० पासून २००० किलोडाल्टनपर्यंतचे पाच प्रकार ६० दिवस लावायला दिले. ओलावा आणि लवचिकपणा पाचही प्रकारांनी वाढला. सुरकुत्यांची खोली फक्त ५० आणि १३० वाल्यांनी लक्षात येण्याइतकी कमी केली.

सडेतोड
तो मीही वाचलाय. तिथे सीरम नव्हतं, क्रीम होतं. तुम्ही ते सीरमच्या बाजूने कसं वापरता?

तोळामासा
बरोबर, क्रीमच होतं, आणि त्यात हायल्युरॉनिक होतं ०.१%. म्हणूनच २% च्या आकड्याने मी कधी भारावत नाही. बाटलीवर ‘तीन वेट’ असेल तर कोणतं किती घातलंय ते विचारा. घटकांच्या यादीत सोडियम हायल्युरोनेट आणि हायड्रोलाइज्ड हायल्युरॉनिक अ‍ॅसिड वेगवेगळे लिहिलेले दिसतील. दुसरं म्हणजे तोडलेले लहान तुकडे. पण किलोडाल्टनचा आकडा यादीत नसतो, त्यामुळे घरबसल्या पडताळायचा मार्ग नाही.

@कोरडी_पानं, चेहरा धुतल्यावर पुसू नका, नुसता टिपा. ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावा आणि मिनिटभरात, ते सुकायच्या आत, वर क्रीम लावा. क्रीममध्ये पेट्रोलेटम, डायमेथिकोन किंवा शिया बटर यांपैकी काहीतरी असू द्या, म्हणजे पाणी उडणं मंदावेल.

घरचा_वैद्य
आमच्या वडिलांना गुडघ्यात हायल्युरॉनिकचं इंजेक्शन दिलं होतं, त्यांना फरक पडला. म्हणजे वस्तू चांगली असणार.

रातराणी
ते सुईने थेट सांध्यात सोडतात काका. इथला सगळा वाद त्वचेतून जातं की नाही याचाच आहे.

कोरडी_पानं
नऊ दिवसांनी लिहितेय. आरशावर खरंच पापुद्रा आला. ओल्या बोटाने दाबला तर पुन्हा चिकट झाला, आणि तेव्हा कळलं की दुपारी चेहऱ्यावर पाणी मारलं की परत चिकचिक का व्हायची. मी सहा-सात थेंब लावायचे आणि क्रीम नाहीच, कारण दुकानात सांगितलं होतं की सीरम असलं की क्रीम लागत नाही. आता डाव्या गालाला ओलसर असताना सीरम आणि वर क्रीम, उजव्याला नुसतं क्रीम. ताण दोन्हीकडे गेला. डावा गाल संध्याकाळी किंचित मऊ लागतो. नवऱ्याला डोळे मिटून हात लावायला सांगितलं, त्यानेही पाचपैकी चार वेळा डावाच सांगितला.

सडेतोड
उजव्याला क्रीम लावलंत तेव्हा गाल ओला होता की कोरडा?

कोरडी_पानं
कोरडा.

सडेतोड
मग तो फरक सीरमचा की पाण्याचा, कसं ठरवणार? ओल्या गालावर नुसतं क्रीम लावून बघा. माझ्या मते काहीही फरक उरणार नाही.

तोळामासा
हा आक्षेप रास्त आहे. मला वाटतं थोडा उरेल, पण पैज लावण्याइतकी खात्री नाही, कारण तुमच्या क्रीममध्ये आधीच किती ग्लिसरीन आहे यावर ते अवलंबून. जास्त असेल तर सडेतोड जिंकतील. नवऱ्याला मात्र या वेळी बाजू सांगू नका, आणि पाचऐवजी वीस वेळा विचारा.

कोरडी_पानं
आज रात्रीपासून दोन्ही गाल ओले. सीरम या वेळी उजव्या बाजूला घेते, डावा गाल मुळातच मऊ असेल तर तेही कळेल.