आईसाठी डबा ठरवायचाय, मदत हवी आहे

आई ७८ वर्षांची, एकटी राहते, बीपीची गोळी चालू आहे आणि कवळी आहे. दोन डबेवाल्यांचा चार-चार दिवस ट्रायल घेतला, पण ठरतच नाहीये.

पहिल्याकडे रोज वेगळी भाजी, आईला चव आवडली, पण मीठ जास्त. कमी मीठ सांगितलं तर म्हणाले देतो, आणि नंतर कळलं की सगळ्यांची भाजी एकाच पातेल्यात होते, आईच्या डब्यात फक्त लोणचं-पापड देत नाहीत. डॉक्टरांनी दिवसभरात मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, मग भाजी, आमटी आणि पोळीच्या कणकेतलंही धरावं लागतं ना?

दुसरी बाई मीठ घालायच्या आधी आईचा वाटा बाजूला काढते, भाजी बोटाने दाबली की मोडते इतकी मऊ. पण चार दिवसांत दोनदा दुधीच, आणि पोळी दुपारपर्यंत चिवट होते, आई ती न खाता तशीच ठेवते हे मला डबा परत बघितल्यावर कळलं.

माझा कल दुसरीकडे आहे. पोळीऐवजी मऊ भात किंवा खिचडी मागावी का? आणि आठवड्याचा मेनू आधी लिहून घेतलेला कोणाकडे पाळला जातो का, अनुभव सांगा प्लीज.