आत्याबाईंच्या न मागितलेल्या सल्ल्याला उत्तर कसे लिहावे?

विश्रामबागकर (सांगली): माझे बाळ सहा आठवड्यांचे आहे. ते संध्याकाळी फार रडते, असे मी त्याच्या फोटोखाली सहज लिहिले. त्यावर यजमानांच्या आत्याबाईंनी सगळ्या नातेवाइकांसमोर लिहिले की, "दूध पुरत नसेल, मधाचे बोट चाटव आणि उन्हाळ्याचे उकळून गार केलेले पाणी पाज." वाचून मला रडूच आले, पण बाळंतपणात अळिवाचे लाडू त्यांनीच करून पाठवले होते, त्यामुळे त्यांचे मन दुखवायचे नाही. डॉक्टरांनी मध आणि पाणी दोन्हीला नाही सांगितले आहे.

कराडची वहिनी: आम्ही ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करून बाळाचे पोट शेकत असू, लगेच शांत व्हायचे.

वाईकर: नुसते "धन्यवाद" लिहावे, मोठ्यांशी वाद नको. शिवाय धोका भेसळीच्या मधाचा असतो. महाबळेश्वरचा शुद्ध मध असेल तर हरकत नसावी.

निवृत्त परिचारिका (सातारा): वाद नको हे खरे, परंतु मधाचे तसे नाही. शुद्ध मधातही बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते उकळूनही मरत नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. म्हणून नुसत्या धन्यवादावर थांबू नये, कारण घरातली दुसरी एखादी बाळंतीण तो सल्ला वाचून मध चाटवील. आधी आत्याबाईंना फोन करावा, म्हणजे चारचौघांत उत्तर वाचताना त्यांना अपमान वाटणार नाही. उत्तरात नियम आधी न सांगता बाळाची खुशाली सांगावी, कारण त्यांची खरी काळजी दूध पुरते की नाही हीच आहे. बाळ दिवसातून किती वेळा लघवी करते आणि वजन किती आहे?

विश्रामबागकर: सात-आठ वेळा. जन्मतः २.९ किलो होते, काल ४.१ भरले.

निवृत्त परिचारिका (सातारा): मग दूध पुरते आहे. या वयात संध्याकाळचे रडणे पुष्कळदा असतेच. असे लिहून पाहा:

"आत्याबाई, तुम्ही आठवणीने लिहिलेत, बरे वाटले. बाळाचे वजन सव्वा महिन्यात १.२ किलोने वाढले आहे, दूध पुरते आहे. मध वर्षभर आणि पाणी सहा महिने द्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, तेवढे आम्ही पाळतो. तुम्ही आलात की बाळाला तेल लावून न्हाऊ कसे घालायचे ते मात्र मला शिकवा."

शेवटची विनंती मनापासून करायची असेल तरच लिहावी.

वाईकर: मधाचे मला ठाऊक नव्हते. तरी फोन झाल्यावर पुन्हा सर्वांसमोर लिहू नये, असेच मला वाटते.

विश्रामबागकर: "सव्वा महिन्यात" ऐवजी "दीड महिन्यात" करून पाठवले, आणि त्याआधी फोनही केला. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "रविवारी येते, पाट आणि तेल तयार ठेव." येताना गुटीची सहाण आणणार आहेत, त्याचे काय सांगावे, ते अजून सुचलेले नाही.