घरून पोळ्या : वेळ किती, सुटतात किती

"मुलं तीन आणि सहा वर्षांची. ऐरोलीत घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या तर किती वेळ जाईल, किती सुटतील?"

ताई, मी घणसोलीत हेच करते. रोज 40 पोळ्या, दहाला एक, म्हणजे 400 रुपये. सव्वा किलो कणीक, तेल, गॅस, फॉइल यांत सव्वाशे जातात. महिन्याचे 24 दिवसच धरा (मुलं आजारी पडतातच!), साडेसहा हजार सुटतात. कणीक भिजवण्यापासून ओटा पुसेपर्यंत दोन तास.

संध्याकाळी मागणी जास्त, पण तीच मुलांच्या जेवणाची वेळ. म्हणून मी फक्त सकाळचे डबे घेते, साडेपाच ते साडेसात. गरम पोळ्या लगेच फॉइलमध्ये बांधू नका, वाफेने ओल्या होतात. आधी जाळीवर पाच मिनिटं पसरा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेकडे नोंदणी मात्र पहिल्या ऑर्डरीआधीच करून टाका.