चित्रावर खुणा मागितल्या, उत्तरात नुसती अक्षरं

कोथरूडचा सेक्रेटरी
सोसायटीचं मेंटेनन्स आता ॲपवरून भरायचंय. ज्येष्ठ सभासदांसाठी स्क्रीनशॉट काढले आणि पहिला एका चॅटबॉटला देऊन सांगितलं, 'पुढे जा' बटणाभोवती लाल चौकट काढ आणि फ्लॅट नंबर पिवळा कर. "हे घ्या खुणा केलेलं चित्र" असं उत्तर आलं आणि खाली काहीच नाही! जे फक्त मजकूर लिहितं, त्याला खुणा केलेलं चित्र परत देता येतं का? माझं मत विचाराल तर नाही. आणि तसं त्यानं पहिल्याच ओळीत सांगायला हवं.

पेठेतली
अहो, त्याला चित्र दिसतच नाही तर ते काढणार कशावर? ते चित्रातली अक्षरं तेवढी वाचून घेतं. 'पुढे जा' हे शब्द त्याला कळले, पण ते वर आहेत की खाली, हे नाही कळत. आंधळ्याला रस्ता विचारलात आणि वर नकाशा मागताय.

जुना प्रोग्रॅमर
ताई, अर्धं बरोबर आहे तुमचं. काही ठिकाणी खरंच आधी अक्षरं उचलून पुढे पाठवतात, तिथं जागेचा पत्ता हरवतो. पण आताची बरीच मॉडेलं चित्र बघतात. बटण हिरवं आहे, खालून दुसरं आहे, हे सांगू शकतात. अडचण बाहेर येताना आहे. आत चित्र चालतं, बाहेर फक्त अक्षरं पडतात. बाण काढायला पिक्सेल बदलावे लागतात आणि बदललेली फाईल कुठेतरी साठवावी लागते. या बाबाकडे ना ब्रश, ना फाईल. "हे घ्या" म्हणाला ते सवयीनं, कारण माणसं असं मागतात तेव्हा पुढचं वाक्य तेच असतं.

मात्र सेक्रेटरींच्या 'नाही'शी मी सहमत नाही. चित्र नाही देता येत, पण चित्र कसं रंगवायचं ते देता येतं. बटणाचे चार आकडे मागा, म्हणजे डावी, वरची, उजवी आणि खालची कड. मग एका ओळीच्या आज्ञेनं चौकट तुमच्याच कॉम्प्युटरवर काढा.

कोथरूडचा सेक्रेटरी
केलं. पुतण्यानं ImageMagick हा आज्ञेनं चित्र बदलणारा प्रोग्रॅम बसवून दिला. आकडे मिळाले: बटण 120,1240 ते 600,1320 आणि फ्लॅट नंबर 60,150 ते 330,190. पिवळा पट्टा फ्लॅट नंबरच्या जरा वर पडला, आणि लाल चौकट थेट 'मागील थकबाकी'वर! जोशीकाकांनी पाहिलं असतं तर सभेत विषय काढला असता.

जुना प्रोग्रॅमर
वरची खूण थोडी चुकली आणि खालची जास्त, यातच निदान आहे. सगळ्या खुणा सारख्याच अंतरानं सरकल्या असत्या, तर कुठेतरी कापाकापी झालीय म्हणायचं. पण जसजसं खाली जावं तसतशी चूक वाढते, म्हणजे मापाचा घोळ. तुमचा स्क्रीनशॉट किती बाय किती आहे?

कोथरूडचा सेक्रेटरी
1080 बाय 2400.

जुना प्रोग्रॅमर
मग बघा. मोठं चित्र मॉडेलकडे जाण्याआधी बहुतेक वेळा लहान केलं जातं. तुमचं 720 बाय 1600 झालेलं दिसतंय, म्हणजे दीडपट लहान. त्यानं आकडे दिले त्या लहान चित्राचे, तुम्ही काढले मोठ्यावर. प्रत्येक आकड्याला दीडनं गुणा. बटणाची वरची कड 1240 ची 1860 होते, म्हणजे 620 पिक्सेलचा फरक. फ्लॅट नंबरची 150 ची 225, फरक फक्त 75. म्हणून वरची खूण 'जरा' चुकली.

```
magick shot.png -fill "#FFFF0066" -draw "rectangle 90,225 495,285" -fill none -stroke red -strokewidth 8 -draw "rectangle 180,1860 900,1980" out.png
```

पिवळ्या रंगामागचं `66` विसरू नका, ते पारदर्शकतेसाठी आहे. ते नसेल तर पट्टा पूर्ण भरीव होतो आणि फ्लॅट नंबरच झाकला जातो. पुढच्या वेळी थेट आकडे मागण्यापेक्षा रुंदी-उंचीचा कितवा भाग ते विचारा. बटणाची वरची कड उंचीच्या 0.775 वर म्हटलं की चित्र कितीही लहान-मोठं झालं तरी ते 0.775 च राहतं.

बाणेरकर
एवढा खटाटोप कशाला? चित्र काढून देणारी मॉडेलं आहेत की. त्यांना म्हणा बाण काढ, दोन मिनिटांत काम.

कोथरूडचा सेक्रेटरी
तेही करून झालं. बाण फारच सुंदर आला. पण ₹2,450 चे ₹2,460 झाले, आणि 'थकबाकी'चं जे काही झालं ते कुठल्याच लिपीत बसत नाही. दहा रुपये जास्त का, याची उत्तरं मी देत बसू?

जुना प्रोग्रॅमर
बाणेरकर, त्यातली बरीचशी मॉडेलं तुमच्या चित्रावर बाण ठेवत नाहीत, अख्खं चित्र नव्यानं रंगवतात. फुलांच्या फोटोत चालतं, पावतीत नाही. मूळ आणि नवं एकाच जागी आलटूनपालटून उघडा, हललेली अक्षरं लगेच दिसतात. काही चॅटबॉटना मात्र स्वतः कोड चालवायची सोय असते. ते वरचीच आज्ञा आत चालवून खरी फाईल देतात, मूळ पिक्सेल न हलवता. तेव्हा 'देता येतं का' हे त्याच्या हाताशी काय आहे त्यावर ठरतं.

सिंहगड रोडवरून
विषय खुणांचा आहे म्हणून विचारते. मी बँकेचा स्क्रीनशॉट नणंदेला पाठवताना खाते नंबरावर फोनमधल्या हायलाइटरनं काळं फासलं. तिनं ब्राइटनेस वाढवून नंबर वाचून दाखवला! हेही त्या 66 मुळेच का?

जुना प्रोग्रॅमर
तोच प्रकार. हायलाइटर अर्धपारदर्शकच असतो. दाखवायला तो, लपवायला भरीव चौकट. आणि नंबर लपवायचा तो चॅटबॉटला चित्र देण्याआधी, नंतर नाही.

बाणेरकर
मी ऐकलं होतं की SVG देतात म्हणून. तीही अक्षरंच, पण उघडली की चित्र. मग मजकूरवाल्यानं चित्र दिलंच की!

जुना प्रोग्रॅमर
हो, आणि बाणासाठी ते सोयीचंही आहे. पण तुमचा स्क्रीनशॉट त्यात बहुतेक वेळा नुसता नावानं जोडलेला असतो. तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसतं, आणि ग्रुपवर पाठवलं की समोरच्याला कोऱ्या पानावर एकटी लाल चौकट. आधी PNG करून घ्या.

पेठेतली
मी चुकले ते मान्य. पण पाच चित्रांसाठी गुणाकार, आज्ञा आणि पुतण्या? फोनच्याच एडिटमध्ये बोटानं गोल काढला असता तर एव्हाना चहा झाला असता.

जुना प्रोग्रॅमर
पाचांसाठी तुमचंच खरं. ॲप दर महिन्याला बदलून पन्नास चित्रं पुन्हा करायची वेळ आली की आज्ञा परवडते. तेव्हाही छोट्या चिन्हांवर भरवसा नको. बटण मोठं असलं तर दहावीस पिक्सेल खपून जातात, पण कोपऱ्यातले तीन ठिपके हुकतात. तिथे तेवढाच तुकडा कापून पुन्हा विचारायचं, आणि तो तुकडा मूळ चित्रात जिथून सुरू होतो ते आकडे उत्तरात मिळवायचे.

सिंहगड रोडवरून
आमच्या सासूबाईंच्या फोनवर अक्षरं मोठी केलीत, त्यांचं 'पुढे जा' स्क्रीनवर दिसतच नाही, खाली सरकवावं लागतं. तुमचा बाण त्यांना भलतीकडेच नेईल. "सगळ्यात खाली या, हिरवं बटण" एवढं लिहिलं तर त्यांना कळतं. ते काम तर मजकूरवालाही करेल.

कोथरूडचा सेक्रेटरी
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. तरी माझी तक्रार कायम आहे. जमत नसेल तर "हे घ्या" म्हणू नये. बाकी दीडनं गुणून चौकट बरोबर बटणावर बसली. छापून जिन्याखाली लावलंय, खाली सासूबाईंची ओळ हातानं लिहून.

पेठेतली
हातानं! बघा.