गल्ल्यावरचा स्क्रीन लॉक होऊ नये म्हणून

"चुलतभाऊ घरून रिमोट डेस्कटॉपने दुकानाच्या कॉम्प्युटरवर येतात. कोणते नियम पाठवू?"

विंडोज प्रो एका वेळी एकालाच चालवू देतं. सगळ्यांचं खातं एकच असेल, तर घरून कुणी जोडताच गल्ल्यावरचा स्क्रीन न विचारता लॉक होतो, बिल अर्धवट राहतं. आधी प्रत्येकाला वेगळं खातं द्या, मग लिहा:

"भावांनो, आपला पासवर्ड ग्रुपवर टाकू नका. घरून जोडायचं फक्त दादा आणि समीरने, सोमवार ते शनिवार रात्री ९ ते ११. काम झालं की फुलीवर न जाता Sign out करा, नाहीतर फाइल उघडीच राहते."

वेळेचं बंधन अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून दोघांच्याही खात्यांना घाला:

```
net user sameer /times:M-Sa,9pm-11pm
```

आधीच आत असलेला मात्र ११ला आपोआप बाहेर पडत नाही.