मदत हवी आहे: सोलापुरात एकटी राहणारी आई, रात्रीचे दिवे आणि गोळ्यांची आठवण

साखरपेठ_पुणे: आई ७८ वर्षांची, साखर पेठेतल्या जुन्या घरात एकटी राहते. मी पुण्यात. तिच्या पलंगापासून न्हाणीपर्यंत बोळ आहे, मध्ये एक उंबरा आहे, आणि रात्री दोनतीनदा उठावं लागतं. दिवाळीत मी बोळात स्मार्ट बल्ब लावला. पण झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची तिची पन्नास वर्षांची सवय. बटण बंद म्हणजे बल्बला वीजच नाही, मग माझ्या फोनवरून काय पेटणार? उलट एकदा बटण चालू राहिलं, रात्री दोनला लाइट जाऊन आली आणि तो बल्ब पूर्ण पांढरा पेटला. आई घाबरून बसून राहिली.

दुसरं गोळ्यांचं. बोलणाऱ्या स्पीकरवर रात्री साडेआठची आठवण लावली होती, दहा मिनिटांनी पुन्हा. तिने दोन्ही वेळा ऐकलं आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही वेळा घेतली.

माझी अट एकच: नेट नसलं, मी फोन उचलला नाही, तरी आजचं प्रत्येक बटण आजच्यासारखंच चालायला हवं.

जुनावायरमन: बल्ब काढा. साधा एलईडी लावा आणि बोर्डाच्या आत, बटणामागे छोटं रिले मॉड्यूल बसवा. जुनं बटण मॉड्यूलच्या बटणासाठीच्या टोकांना जोडलं की ते वीज तोडत नाही, फक्त इशारा देतं. आईने बटण दाबलं तर दिवा लागतो, तुम्ही फोनवरून लावला तरी लागतो, आणि नेट बंद असलं तरी बटण चालतं. सेटिंगमध्ये बटण 'प्रत्येक दाबाला बदल' या पद्धतीवर ठेवा, नाहीतर तुम्ही फोनवरून लावलेला दिवा घालवायला तिला दोनदा दाबावं लागेल. लाइट आल्यावर काय व्हावं तेही तिथेच ठरतं. 'बंद' निवडा.

मॉड्यूलला न्यूट्रल लागतो. त्या बोर्डावर सॉकेट असेल तर तो बहुतेक आत असतोच. नसेल तर ओढावा लागेल, तो ओळखीच्या वायरमनकडूनच ओढून घ्या.

गणेशभक्त: एवढं कशाला? हालचाल ओळखणारे दिवे मिळतात, सगळीकडे लावून टाका. न्हाणीतही. बटणाचा प्रश्नच मिटला.

जुनावायरमन: बोळात चालेल, आणि मीही तेच सुचवणार होतो, त्याला नेट लागत नाही. न्हाणीत नको. हे सेन्सर अंगाची उष्णता हलताना बघतात. माणूस कमोडवर स्थिर बसला की दोन मिनिटांनी दिवा जातो आणि ती अंधारात उठते. न्हाणीचा दिवा साध्या बटणावरच ठेवा.

आणि मे महिना लक्षात घ्या. सोलापुरातल्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात. खोलीचं तापमान अंगाच्या जवळ गेलं की सेन्सरला फरक कमी दिसतो, तो उशिरा पेटतो. आता चालला म्हणून खात्री धरू नका, उन्हाळ्यात पुन्हा तपासा.

पंढरपूररोड: माझ्या वडिलांसाठी आम्ही चार कॅमेरे लावले, ऑफिसातून बघतो. खूप निर्धास्त झालो. तुम्हीही तेच करा.

साखरपेठ_पुणे: कॅमेऱ्याला आईने स्पष्ट नाही म्हटलं आहे. आणि ती धडपडल्यावर बघण्यापेक्षा धडपडू नये, हे मला हवं आहे.

मनीषा_जुळेसोलापूर: गोळ्यांबद्दल सांगते. सासूबाईंसाठी सात दिवसांची खणांची डबी आणली. रविवारी मी भरते. आठवण एकदाच, नातवाच्या आवाजात: "आजी, आजचा खण बघ." खण रिकामा दिसला की त्या म्हणतात, घेतली की मी! डबीच साक्षीदार. पण चुकून दोनदा गेलीच तर मनाने काही करू नका, डॉक्टरांना फोन करा.

जुनावायरमन: डबीच्या खोक्याला दार उघडल्याचा सेन्सर लावता येतो. साडेनऊपर्यंत खोकं उघडलं नाही तर तुम्हाला संदेश येतो. तिला पुन्हा आठवण जातच नाही, म्हणजे दुसरी गोळीही नाही.

साखरपेठ_पुणे: पण खोकं उघडलं म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही ना?

जुनावायरमन: नाही. ते कुठलंच यंत्र सांगत नाही. तुमचा रात्रीचा फोन चालू ठेवा. संदेशही नेटवरच येतो, राउटर इन्व्हर्टरवर आहे का ते बघा.

साखरपेठ_पुणे: रविवारी जाऊन आलो. बोळात गुडघ्याएवढ्या उंचीवर, उंबऱ्याच्या बाजूला, पिवळ्या मंद उजेडाचा सेन्सर दिवा लावला. आधी समोरच्या भिंतीवर धरून पाहिला होता, तिथे ती सरळ त्याच्याकडे चालत येईपर्यंत पेटतच नव्हता. आडवी जाताना दोन पावलांत पेटतो. मोठ्या दिव्याचं बटण मॉड्यूलला जोडलं. मग मेन स्विच पाडून, उचलून तीनदा पाहिलं: दिवा बंदच राहिला आणि बटण चाललं. आईने स्वतः दाबून बघितलं, म्हणाली, "हां, हे माझंच बटण आहे."

एक राहिलं. ती पलंगावर कूस वळली तरी दिवा पेटतो आणि तिची झोप मोडते. सेन्सरच्या पलंगाकडच्या बाजूला चिकटपट्टी लावली, तर पाय खाली सोडताना पेटत नाही. कुणी हे जमवलंय का?