मदत हवी आहे: खडीच्या वाहतुकीवर अचानक बंदी, बिल्डर अ‍ॅडव्हान्स आणि दंड दोन्ही मागतोय

तुर्भेकर
माझा खडीपुरवठ्याचा छोटा धंदा आहे. घोडबंदरच्या एका साइटला चार महिन्यांत ६०० ब्रास खडी द्यायची, दर ३,५०० रुपये, अ‍ॅडव्हान्स ६ लाख. १०० ब्रास पोचली आणि रायगडातून गौण खनिज बाहेर नेण्यावर बंदीचा आदेश आला. पनवेलजवळच्या क्रशरवर भरलेले डंपर तसेच उभे. बंदी २३ दिवस चालली. बिल्डरने तोवर दुसरीकडून ४,७०० ने माल घेतला. आता करार रद्द करून पूर्ण ६ लाख आणि वरचा फरक मागतोय. करारात हाताबाहेरच्या अडचणींसाठीचं फोर्स मॅज्यूरचं कलम आहे, त्यात 'शासकीय आदेश' लिहिलंय, पण सात दिवसांत लेखी कळवायची अट आहे. मी पहिल्याच दिवशी फोन केला, मेल दहाव्या दिवशी. झोप उडालीये.

सागर_ठाणे
सरकारनेच बंदी घातली म्हणजे करार कायद्याचं कलम ५६. काम अशक्य झालं की करार आपोआप रद्द. एक पैसा देऊ नका.

वकीलताई
सागर, अर्धंच बरोबर. करारातच अशा प्रसंगाची तरतूद असेल तर आधी तीच लागते, ५६ नंतर. एनर्जी वॉचडॉग खटल्यात २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. शिवाय बंदी २३ दिवसांची, करार चार महिन्यांचा. मुदत पुढे ढकलता येईल, करार संपला म्हणणं अवघड.
तुर्भेकर, खाणीचं नाव करारात आहे का? नसेल तर बिल्डर म्हणेल, ठाण्याच्या क्रशरवरून आणायची होती. महाग पडलं म्हणजे अशक्य झालं असं कोर्ट मानत नाही.

तुर्भेकर
नाव नाही, ताई. पण त्यांच्या कन्सल्टंटने पनवेलच्याच खडीचा नमुना तपासून पास केला होता. रिपोर्ट आहे.

वकीलताई
तो जपून ठेवा, तुमची बाजू त्यावर उभी राहील. पुरेल का, हे खात्रीने नाही सांगत.

वाशीचा_गाळेवाला
माझंही असंच! लॉकडाऊनमध्ये गाळा बंद होता, मालक भाडं मागतोय. ५६ लागेल ना?

वकीलताई
नाही हो दादा. गाळा एकदा भाड्याने ताब्यात आला की ५६ लागत नाही, भाडेकरारात काय लिहिलंय ते बघा. वेगळा धागा काढा.
तुर्भेकर, ६ लाख पूर्ण परत करायचा प्रश्न नाही. १०० ब्रासचे साडेतीन लाख तुमचेच. करार खरंच अशक्य ठरला तरी कलम ६५ नुसार उरलेले अडीच लाख परत करावे लागतील. सागरचं 'एक पैसा नाही' इथे चालणार नाही. वरचा फरक मात्र तुम्ही करार मोडला असं ठरलं तरच.

सागर_ठाणे
आणि उशिराचा मेल?

वकीलताई
मुदतीत न कळवल्यास लाभ मिळणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय का? लिहिलं असेल तर कठीण. नसेल तर वाद घालता येतो. पहिल्या दिवशीच्या फोननंतर एखादा मेसेज?

तुर्भेकर
साइट इंजिनिअरला डंपरचे फोटो पाठवले होते. त्याने 'ओके, बंदी उठली की कळवा' लिहिलंय.

वकीलताई
मग तो मेसेज डिलीट करू नका. आणि बंदी उठल्यावर माल द्यायला तयार आहात, हे आजच मेलने कळवा. बंदीच्या आदेशाची प्रतही जोडा.

तुर्भेकर
आदेशाची प्रत क्रशरवाल्याकडे आहे. उद्या सकाळीच पनवेलला जाऊन आणतो.